सात नंबरचा शेरा

शनिवार म्हणजे सातपूरच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी. पत्रा दाबणारी प्रेस मशीनं माना खाली घालून उभी होती. त्या शांततेत सेफ्टी ऑफिसर स्नेहल एकटीच तपासणीचे तक्ते घेऊन बसली होती.

अडीचशे माणसांच्या कारखान्याची सुरक्षा महिन्याला एका पानावर दाखवणारा डॅशबोर्ड सोमवारी नव्याने ठरायचा होता. पानाला दोन बाजू. एकीकडे लॅगिंग आकडे, घडून गेलेलं सांगणारे: किती अपघात, किती दिवस वाया. दुसरीकडे लीडिंग, घडण्याआधी कानाशी कुजबुजणारे. प्लांट हेड देवव्रत सरांनी त्यातला एक आधीच सुचवला होता: मशीन-तपासणीचे तक्ते किती टक्के भरले. "तुमचाच जुना आकडा आहे, कायम हिरवा," ते हसत म्हणाले होते. आकडा खरंच तिचा होता. वर्षानुवर्षं शंभर टक्के.

सात नंबरच्या प्रेसचा तक्ता उलटताना तिचा हात थांबला. सही होती रंगनाथची. शेपूट लांब ओढलेला तोच 'र'.

पाच महिन्यांपूर्वी याच मशीनने रंगनाथच्या उजव्या हाताची चार बोटं नेली होती. तो आता दिंडोरीला घरी असतो. सही करणारा हात उरला नव्हता, आणि सही मात्र नऊ दिवस रोज येत होती. शेजारी शेरा: 'पडद्यात काठी घातली की स्लाइड खुणेच्या खाली दोन बोटं येते.'

मशीनपुढे प्रकाशाचा एक पडदा असतो, डोळ्यांना न दिसणारा. हात आत गेला की वरून येणारी स्लाइड, म्हणजे पत्रा दाबणारा जड भाग, आखलेल्या खुणेपाशीच थांबायला हवी. ब्रेक झिजला की ती उशिरा थांबते. म्हणून पाळी सुरू होताना काठी घालून बघायचं असतं.

तिने कपाटातून जुनं बाड काढलं. अपघाताआधीचे अकरा दिवस. तेच वाक्य, खऱ्या हाताचं. आधी एक बोट, मग दीड, मग दोन.

त्या अकराही दिवसांना तिने 'तक्ता भरला' म्हणून मोजलं होतं. रंगनाथची हाक तिच्या शंभर टक्क्यांत घडी घालून ठेवलेली होती. चौकशीत ब्रेक बदलला गेला, अहवालात लिहिलं गेलं, 'ब्रेक अचानक निकामी'. खाली सही स्नेहलची. खिडकीतून ऊन आत आलं होतं, तरी तिला कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटत राहिलं. वळून बघायचा धीर झाला नाही.

रविवारी पहिल्या पाळीआधी ती सातपाशी पोचली. मशीनवर आता गोटीराम होता, पेठकडचा, रंगनाथच्या हाताखाली शिकलेला. ती काही विचारायच्या आत त्याची नजर खाली गेली.

"सही मीच करतो मॅडम," तो म्हणाला. "पहिले दोन दिवस तोंडी सांगितलं, सुपरवायझर बोलला लिहून ठेव. माझं नाव कोन वाचतंय? म्हनलं रंगनाथनानाचं नाव दिसलं तर कोनी तरी दचकंल."

"दचकले," स्नेहल म्हणाली.

त्याने काठी घातली. स्लाइड खुणेपाशी आली, क्षणभर विचार केल्यासारखी रेंगाळली, आणि खाली उतरली. दोन बोटं. स्नेहलने वीज तोडायला लावली, स्विचला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

देवव्रत सर चिडले. दिवसभराचं काम अडलं होतं. सोमवारच्या बैठकीत त्यांनी बोट ठेवलं ते अपघाताविना गेलेल्या एकशे त्रेपन्न दिवसांवर. स्नेहल म्हणाली, तो आकडा राहू द्या, पण तो मागचं सांगतो. मग तिने रंगनाथच्या अपघाताच्या महिन्याचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. तपासणी शंभर टक्के. अपघात एक. आणि बाजूला अकरा शेरे.

"हे मी वाचले नव्हते, सर. अहवालातलं 'अचानक' खोटं आहे. तो मला दुरुस्त करून द्यायचाय. नोकरीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

देवव्रत सरांनी अकराही शेरे शेवटपर्यंत वाचले. मग त्यांनी विचारलं, तक्त्यांच्या जागी काय ठेवायचं. तपासणीत किती दोष सापडले, ती म्हणाली, आणि त्यातले किती तीन दिवसांत दुरुस्त झाले. धोक्याचा दोष असेल तर मशीन तिथल्या तिथे बंद. दोष जास्त दिसले म्हणून कुणाला बोलायचं नाही. ज्या मशीनवर महिनोन् महिने एकही दोष सापडत नाही, तिथे मी स्वतः काठी घेऊन जाईन.

पहिल्या महिन्याचं पान लाल निघालं. सापडलेले दोष चव्वेचाळीस, वेळेत दुरुस्त सव्वीस. अहवालही दुरुस्त होऊन वर गेला. त्याचं उत्तर अजून यायचं होतं.

नवा ब्रेक बसला तेव्हा गोटीरामने तक्त्यावर पुन्हा स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश, अक्षर न् अक्षर. स्नेहल मात्र जुनं बाड घेऊन बसली. अकरा शेऱ्यांखाली तिने एकेक करून लिहिलं: 'वाचलं.' आणि पुढे आजची तारीख घातली. मागची तिला घालता येईना.