दुखत नसतानाची सुई

आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या मागे एक कप्पा आहे, त्याला हात लावायची मला मनाई होती. तिथे आमच्या ह्यांच्या फॅक्टरच्या बाटल्या असतात. ह्यांना हिमोफिलिया आहे. रक्त गोठवणारा आठ नंबरचा फॅक्टर अंगात जवळजवळ नाहीच, तो शिरेतून द्यावा लागतो. ह्यांच्या लहानपणी एकेक बाटली मिळायची मारामार. डोक्याला लागलं तर काय करायचं, म्हणून सासूबाई त्या जिवापाड जपायच्या. आता हॉस्पिटलातल्या हिमोफिलिया केंद्रातून नियमित मिळतात, पण सवय काही सुटली नाही. गुडघ्यात मुंग्या आल्या की आत रक्त सुटलं हे ह्यांना बरोबर कळतं, तरी गुडघा टम्म फुगेपर्यंत बाटली बाहेर काढायची नाही. "मोठ्या वेळेला असू दे," हे वर मला ऐकवायचं.

ह्यांचं सलून आहे आणि ह्या धंद्यात उभं राहण्याला सुट्टी नाही. डावा गुडघा एका वर्षात इतक्यांदा रक्ताने भरला की शेवटी हे गिऱ्हाइकाच्या खुर्चीला टेकून दाढ्या करू लागले. मग दुकान विकायची भाषा सुरू झाली. मला धसकाच बसला. कात्री हातातून गेली तर हा माणूस घरात बसून माझं डोकं खाईल, आणि त्याहून आधी आतून खचेल, हे मला माहीत होतं.

केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी गुडघ्याचा एक्सरे उजेडावर धरला आणि सगळं समजावून सांगितलं. सांध्याच्या आतलं अस्तर तिथे सांडलेलं रक्त शोषून घेतं, पण रक्तातलं लोह त्या अस्तरात साठत जातं. अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून पुन्हा रक्त येतं. हाडांवरची गुळगुळीत कूर्चा दोन्हीकडून झिजत राहते. ह्यांच्या हाडांची टोकं रुंद झाली होती, हाडात बारीक पोकळ्या दिसत होत्या, पण दोन हाडांमधली फट शाबूत होती.

"ही तिसरी पायरी," बाई म्हणाल्या. "चौथीत फट अरुंद होते, पाचवीत सांधा आखडूनच जातो. चौथीवर गेलात की मागे फिरता येत नाही. आत्ता थांबवू शकतो."

उपाय असा होता की आधी फॅक्टर द्यायचा, मग सांध्यात किरणोत्सर्गी औषधाची सुई टोचून ते माजलेलं अस्तर सुकवायचं. दोन दिवस पट्टी बांधून गुडघा हलवायचा नाही, त्या दिवसांतही फॅक्टर चालू. आणि पुढे कायम आठवड्यातून ठरल्या दिवशी फॅक्टर घ्यायचा, रक्त यायची वाट न बघता. झिजलेलं परत येणार नाही, आहे ते टिकेल, हेही बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ह्यांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

सुई झाली, आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुडघा गरम लागला आणि सुजला. मी फ्रिज उघडला तर सकाळची बाटली दुधामागे जशीच्या तशी. माझं डोकं फिरलं.

"सकाळी काही दुखत नव्हतं," हे भिंतीकडे बघत म्हणाले. "म्हटलं, राहू दे."

मी तोंडाचा पट्टा सोडला असता, पण ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते फॅक्टरची पावडर आणि पाणी मिसळायला लागले, पण घाईत झाकणच निघेना. मी बाटली काढून घेतली, फॅक्टर तयार केला आणि ह्यांनी तो टोचून घेतला. डॉक्टरबाईंना फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं. आम्ही तसेच गाडीत बसलो. आत रक्त असेल तर ते अस्तर पुन्हा फुगणार, आणि ती फट किती दिवस टिकणार, हेच डोक्यात घुमत होतं.

सोनोग्राफीवाल्यांनी गुडघ्यावर यंत्र फिरवलं. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत राहिल्या आणि मी त्यांच्याकडे.

"रक्त असतं तर ढगाळ दिसलं असतं," त्या म्हणाल्या. "हे निव्वळ पाणी आहे. औषधाने अस्तर चिडलंय, इतकंच. बर्फ लावा, आराम करा. आणि फॅक्टर चुकवू नका."

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि सरळ रडले. हे पट्टीतला पाय सांभाळत माझी पाठ थोपटत होते. पेशंट नक्की कोण, असं सोनोग्राफीवाल्यांनी विचारलंसुद्धा.

आता काही महिने झाले. गुडघा अजून पूर्ण वाकत नाही, पण त्या दिवसापासून तो एकदाही भरलेला नाही. हे खुर्चीला न टेकता केस कापतात आणि दुकान विकायचं नाव काढत नाहीत.

आज सकाळी मी चहा ठेवत होते. ह्यांनी आपणहून बाटली काढली, हाताला पट्टा आवळला, शीर शोधली. मी विचारलं, गुडघ्यात मुंग्या आल्यात का?

"छे, काहीच होत नाहीये," हे म्हणाले आणि सुई टोचली.