अप्पांचं तुटलेलं जानवं

श्रावणी पौर्णिमेच्या सकाळी अप्पा परसात दूर्वा काढायला गेले आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. डोकं न्हाणीच्या भिंतीवर आपटलं. मुलगी ऋजुता धावत गेली, तेव्हा ते उठून बसलेही होते.

"काही झालेलं नाही. लोणावळ्यात जन्म गेला आणि घरच्याच पायरीने फसवलं," असं म्हणून ते हसले.

तिने त्यांना आत आणलं, चिखलाने भिजलेला बनियन डोक्यावरून ओढून काढला, बादलीत टाकला आणि अंग पुसून शाल पांघरली. आईने चहा पुढे केला. अप्पांनी कप हातात घेतला नाही, आणि त्यानंतर ते बोललेही नाहीत.

"अप्पा, दुखतंय का कुठे?"

त्यांनी मान हलवली. डाव्या खांद्यावर बोट ठेवून ते तिरकं उजव्या कमरेपर्यंत ओढलं. पुन्हा खांदा, पुन्हा कमर. मग उठायला लागले, तसं आईने त्यांना दोन्ही हातांनी दाबून पलंगावर निजवलं.

ऋजुताने डॉक्टरांना फोन लावला. जीवशास्त्र शिकलेली असल्याने तिने नेमकं सांगितलं: उलटी नाही, शुद्धीवर आहेत, बोलत मात्र नाहीत. डॉक्टर म्हणाले, "आधी बोलत होते आणि आता बोलत नाहीत, तर वेळ घालवू नका. ताबडतोब पुण्याला न्या. काही खायला-प्यायला देऊ नका."

गल्लीतल्या गोरखला गाडी काढायला सांगितली. कामाला आलेल्या भामाबाई दारातच थबकल्या.

"अप्पांची वाचा गेली व्हय? आमच्या आळीत बी असंच झालतं एकाला. वारं गेलं अंगावरनं."

"मावशी, तुम्ही जरा गप्प बसा," ऋजुता म्हणाली. अप्पा तिसऱ्यांदा उठू बघत होते, आई त्यांना तिसऱ्यांदा निजवत होती, आणि अप्पांच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा वैतागच जास्त दिसत होता.

दवाखान्याच्या पिशवीत टॉवेल टाकायला ती न्हाणीत गेली. बादलीतल्या बनियनच्या बाहीला पिवळट दोरे गुंतले होते. तिने ते सोडवले. जानव्यांची जोडी होती, दोन्ही तुटलेली. ओढताना तिच्याच हातून तुटली होती.

काल संध्याकाळचं बोलणं तिला आठवलं. दर वर्षी अप्पा श्रावणीला मंदिरात जात. यंदा गुरुजी गावाला गेल्यामुळे ते घरीच जानवं बदलणार होते, आणि ती बसल्या बसल्या शंका विचारत होती. जुनं आधी काढायचं की नवं आधी घालायचं? "नवं आधी," अप्पा म्हणाले होते. "अंग क्षणभरही जानव्याविना राहू नये."

डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत. तिने तसंच बोट आपल्या अंगावरून फिरवून पाहिलं.

"आई, हे बघ."

आईने दोरे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई. जानवं तुटलं की नवं घालेपर्यंत मंत्रांखेरीज काही बोलत नाहीत, खात नाहीत. आणि मी यांना उठूही देत नव्हते."

पलंगावरून अप्पांनी इतक्या जोरात मान डोलावली, की शाल खाली पडली.

गाडी थांबवून ठेवायची आणि अप्पांना चक्कर आली तर तडक निघायचं, असं ठरवून ऋजुताने पाट मांडला. तबक कालपासून तयार होतं. अप्पा पूर्वेला तोंड करून बसले. आचमन केलं, प्राणायाम केला, हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. संकल्पाचा पहिला शब्द स्पष्ट आला, तेव्हा आई डोळे पुसत भिंतीला टेकली. मग त्यांनी नवी जानवी पाण्याने शिंपडली, त्यांवर हात ठेवून दहा वेळा गायत्री म्हटली आणि ती खिडकीशी धरून सूर्याला दाखवली. खिडकीबाहेर धुकंच होतं. गृहस्थाची म्हणून जानवी दोन. "यज्ञोपवीतं परमं पवित्रं" म्हणत एकेक उजवा हात घालून डाव्या खांद्यावर घेतलं, दरवेळी आचमन केलं. ऋजुता प्रत्येक शब्द कान देऊन ऐकत होती. एकही अडखळला नाही. शेवटी पुन्हा गायत्री झाली, आणि तुटलेले दोरे विसर्जनासाठी पानावर ठेवले गेले.

अप्पा आईकडे वळले. "पहिलवान आहेस का तू? खांदे दुखले माझे."

भामाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "बोलले, लय झ्याक बोलले."

ऋजुताने पुन्हा फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, दिवसभर लक्ष ठेवायला आणि संध्याकाळी दाखवून जायला सांगितलं. "आत्ता एक विचारा त्यांना. आज वार कुठला, तारीख काय?"

तिने विचारलं.

"वार-तारीख तुम्ही बघा," अप्पा म्हणाले. "आज श्रावण शुद्ध पौर्णिमा. आणि चहा गार झालाय."

फोनमधून डॉक्टरांचं हसणं ऐकू आलं. "द्या त्यांना चहा," ते म्हणाले. ऋजुता गोरखला गाडी लावून ठेवायला सांगायला दारात गेली, आणि आईने आधण पुन्हा चढवलं.