वेळ आजची, साखर कालची

डेटाबेसचं MySQL अपग्रेड केलं आणि हॉस्पिटलचा 'प्रत्येक पेशंटची रक्तातली ताजी साखर' हा रिपोर्ट 'ग्रुप बाय'ची एरर देऊन बंद पडला. नव्या आवृत्तीतला कडक मोड संदिग्ध क्वेरी चालवूच देत नव्हता.

"तो मोड बंद कर आणि मोकळी हो," साहेब म्हणाले.

"मुळीच नाही!" मी फणकारले. "रिपोर्टची क्वेरी पेशंटच्या शेवटच्या तपासणीची वेळ मागते, पण साखर कुठल्या ओळीतली घ्यायची ते सांगतच नाही. जुनं MySQL कुठलीही उचलून द्यायचं. नवं निदान अडवतंय तरी!"

मी क्वेरी नव्याने लिहिली. आधी प्रत्येक पेशंटच्या शेवटच्या तपासणीची वेळ काढली, मग त्याच वेळेची ओळ जोडून साखर घेतली. ती कालपर्यंतच्या नोंदींवर चालवून कालच्या छापील रिपोर्टशी ताडून पाहिली, तर वेळा त्याच, आकडे मात्र कित्येक वेगळे.

लॅबवाल्या ताईंना बोलावलं. रिपोर्ट चुकतोय म्हणून त्या कधीच्या कानीकपाळी ओरडत होत्या आणि साहेब त्यांच्या मशीनला नावं ठेवत होते. ताईंनी मशीनमधले आकडे लावून पाहिले. नवा रिपोर्ट तंतोतंत जुळला.

"मोड राहू दे," साहेब पुटपुटले.

"ते झालंच," ताई म्हणाल्या. "आता लॅबमध्ये चला आणि माझ्या मशीनची माफी मागा."

साहेबांनी मागितली. हात जोडून, सगळ्या लॅबसमोर.