सिस्टरच्या वहीतला मी

संपादकबाईंचे डोळे सकाळपासून चुरचुरत होते आणि टेबलावरचा चहा केव्हाच पाणी झाला होता. समोर निवृत्त सिस्टर बसल्या होत्या, मांडीवरची पर्स घट्ट धरून. त्यांच्या आठवणींचं बाड प्रकाशनाच्या मालकांनी सकाळीच बाईंपुढे आपटलं होतं. "प्रत्येक वाक्य 'मी'नं सुरू! आज निदान एक प्रकरण वाचण्याजोगं करून दाखवा, नाहीतर साभार परत."

एक पान बाईंनी मघाशीच दुरुस्त केलं होतं, म्हणजे घाईघाईत वाक्यं उलटी टांगली होती. सिस्टरांनी ते मोठ्यानं वाचलं. "'उठले मी पहाटे. गाठला मी वॉर्ड. पाहिले मी रुग्ण.' अहो ताई, ही कोण बया? नाटकातली राणी?"

बाईंना हसू आलं, लाजही वाटली. वीस वर्षं लोकांची वाक्यं निस्तरून त्यांना या कामाचा वीट आला होता. "पण एवढे 'मी' आले कुठून?"

"वॉर्डातल्या वहीतून. मी ताप घेतला, मी इंजेक्शन दिलं. कोणी केलं ते आधी लिहायचं, नाहीतर चौकशीत सगळ्यांचेच हात वर."

"बरं, कागद ठेवा बाजूला. या प्रकरणातलं ते सात नंबरच्या खाटेचं नुसतं सांगा."

"दुपारची पाळी होती. सात नंबरचे आजोबा सारखं पाणी मागत होते. ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून पोटात काही जायला नको, असा डॉक्टरांचा हुकूम. शेवटी ओला कापूस ओठांना लावला, तर बोटच धरून ठेवलं माझं. सोडेचनात."

बाई भराभर उतरवत गेल्या. कुठे वेळ आधी आली, कुठे माणूस. सिस्टरांना जे आधी आठवलं, ते वाक्यातही आधी. कापूस कोणी लावला हे न सांगता कळत होतं. दोन तुटक वाक्यं त्यांनी जोडून टाकली आणि पान आपलं आपण चालू लागलं.

"पुढे?"

"ऑपरेशनची वेळ पुढे पुढे जात राहिली. ऑपरेशन व्हायच्या आधीच आजोबा गेले. मी त्यांना पाणी दिलं नाही."

बाईंनी सवयीनं लिहिलं, 'शेवटपर्यंत त्यांना पाणी मिळालं नाही.'

सिस्टरांनी ओळीवर बोट ठेवलं. "मिळालं नाही म्हणजे? नळाला आलं नव्हतं का? ताई, बाकीचे सगळे 'मी' काढा. हा राहू द्या. त्या दिवशी वहीत मी फक्त 'हुकूम पाळला' एवढंच लिहिलं होतं."

बाईंनी ओळ खोडली आणि सिस्टरांची होती तशी लिहिली.

संध्याकाळी मालकांनी प्रकरण वाचलं. "झकास. पण हा एक 'मी' तुमच्या नजरेतून सुटला."

"सुटला नाही. ठेवलाय."

मालकांनी ती ओळ पुन्हा वाचली, चष्मा काढला आणि प्रकरण छपाईच्या गठ्ठ्यावर ठेवलं.