नव्या गाण्यासह

"ते गाणं बोटीवाल्या सिनेमात नाहीच," कंपाउंडर म्हणाला आणि उरलेला चहा एका घोटात संपवून मोकळा झाला.

चष्मेवाला काच पुसता पुसता थांबला. "अरे, मी डोळ्यांनी बघितलंय."

"मीही बघितलंय. पहिला दिवस, पहिला खेळ. त्यात चारच गाणी होती, हे नव्हतं. हे जुळ्या भावांच्या सिनेमातलं. थोरल्या दादाकडे याची तबकडी होती, पाकिटावर जुळ्यांचं चित्र."

"जुळ्यांचा सिनेमा आला तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं."

"मग तू एकटा गेला असशील."

या दोघांची सगळी हयात भांडणात गेली होती. राजकारण, गुडघ्याचं तेल, शेजारच्याचं कुत्रं, कशावरूनही जुंपायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चष्म्याच्या दुकानात बैठक. पण या वेळी चष्मेवाला काच तशीच ठेवून आतल्या खोलीत निघून गेला.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. ती आयुष्यभर स्वयंपाक करताना याच गाण्याची चाल गुणगुणायची. शब्द तिला कधी पुरते आले नाहीत, 'खिडकीत दिवा राहू दे' एवढंच, पुढे नुसतं हूं हूं. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा बाहेर पडली ती बोटीवाला सिनेमा बघायला, आणि हे गाणं तिने तिथेच ऐकलं, अशी त्याची पक्की समजूत होती. कंपाउंडर खरा असेल, तर ती संध्याकाळ त्याने मनाने रचलेली ठरत होती. आणि एक संध्याकाळ रचलेली असेल, तर बाकीच्या आठवणींची काय हमी? हा विचार त्याला फार लागला.

चार दिवस कंपाउंडर फिरकला नाही. पाचव्या दिवशी उगवला तो बगलेत कागदाचं पाकीट घेऊन.

"दादाच्या पेटीत सापडली. चल रेकॉर्डवाल्या काकूंकडे. होऊन जाऊ दे दूध का दूध."

रेकॉर्डवाल्या काकू वडिलांचं दुकान चालवत होत्या. जुन्या तबकड्या विकायच्या, रेकॉर्डप्लेअरची सुई बदलून द्यायच्या आणि गिऱ्हाइकाने तबकडीच्या रेघांना बोट लावलं की ओरडायच्या. पाकिटावर जुळे भाऊ एकमेकांना पाठ लावून उभे होते. कंपाउंडरने विजयी मुद्रेने मित्राकडे पाहिलं.

काकूंनी कडेला धरून तबकडी बाहेर काढली. "ही छोटी. एका बाजूला एकच गाणं. पाकीट काय बघताय, मधली चकती वाचा."

कंपाउंडरने नाकावरचा चष्मा, म्हणजे मित्रानेच बनवलेला, नीट बसवला. एका बाजूला जुळ्यांच्या सिनेमाचं नाव होतं. काकूंनी तबकडी उलटवली. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि हळूच म्हणाला, "आपलं गाणं या बाजूला आहे, आणि वर हे तर बोटीवाल्याचं नाव."

"एका तबकडीवर दोन सिनेमे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"बोटीवाल्याची चार गाण्यांची तबकडी आधीच बाजारात आली असणार," काकू म्हणाल्या. " हे मागाहून उगवलेलं पाचवं. एकट्या गाण्यासाठी कोण तबकडी काढतंय? जुळ्यांचं जुनं, चाललेलं गाणं घेतलं आणि हे त्याच्या पाठीला लावलं. चित्र मात्र एकाचंच छापलं."

"पण सिनेमात नव्हतं ते," कंपाउंडर हटेना. "मी पूर्ण बघितलाय."

"कधी?" काकूंनी विचारलं.

"सांगितलं ना, पहिल्या दिवशी."

"तिथंच फसलात. गर्दी ओसरायला लागली की निर्माते एक नवं गाणं चित्रित करायचे. त्याचा तुकडा थेटरांना जायचा, ऑपरेटर तो रिळात जोडायचा, म्हणजे बघितलेली माणसं पुन्हा येतात. पोस्टरवर आडवी पट्टी लावायचे, 'नव्या गाण्यासह'."

कंपाउंडरचा हात हनुवटीवर थांबला. "पट्टी होती. लाल. मी दादाला म्हटलंसुद्धा, लोकांना गंडवायचे धंदे." मग मित्राकडे वळला. "तुम्ही दोघं कधी गेला होतात?"

"सिनेमा लागून महिना उलटला होता. लग्नाची पाहुणेमंडळी हलेपर्यंत घराबाहेर कोण सोडतंय?"

"मग बरोबर," कंपाउंडर म्हणाला. हार मानण्याची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो खुर्चीत उगीचच सरकून बसला. "लेका, तू बघितलंस आणि मी नाही."

काकूंनी सुई ठेवली. आधी नुसती खरखर आली, मग बासरी, मग ती चाल. चष्मेवाल्याच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि त्याला भरून आलं. ज्या ठिकाणी बायकोचं हूं हूं सुरू व्हायचं, तिथे शब्द होते, साधे, घरातले. ते त्याने आज पहिल्यांदा नीट ऐकले.

गाणं संपलं. काकूंनी सुई उचलली.

"आता सांग," कंपाउंडर खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "माझं राहूनच गेलं ते. होतं कसं? बोटीवर होतं? कोण म्हणतं, तो की ती?"

चष्मेवाल्याने आठवायचा प्रयत्न केला. आधी डोळे मिटून, मग उघडे ठेवून.

"काय माहीत," तो म्हणाला. "मी पडद्याकडे कुठं बघत होतो."