तीन पानं, शब्द शून्य

माझी मुलगी समरा चौदा महिन्यांपूर्वी बंगळुरूला निघून गेली. भांडून गेली. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार हळूहळू वाढत होता, अक्षरं मोठी करून ती कसंबसं वाचायची, आणि अशा अवस्थेत तिला परगावी बँकेच्या हेल्पलाइनवर नोकरी करायची होती. मी म्हणालो, "आंधळी मुलगी एकटी राहणार म्हणे!" हा शब्द मी वापरला. तिची आई करिमुन्निसा असती तर तिनं माझं तोंड धरलं असतं, पण तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

जाताना समरा दारात म्हणाली, "अब्बा, तुमाला सगळं लेखी लागतं ना? मग तुमी चुकलात हे लेखी द्या. त्या दिवशी घरी येते."

बाप असून मुलीला माफीनामा द्यायचा? माझं डोकं सटकलं होतं. ते ठिकाणावर यायला चौदा महिने लागले, हे लिहितानाही लाज वाटते. खांदेश्वरच्या या फ्लॅटमध्ये माणूस दिवसभर स्वतःशीच किती भांडणार? दोन खोल्या, एक ताट, आणि दुपारी चारला पाण्याची मोटर सुरू झाली की तेवढाच आवाज. बकरी ईद तीन आठवड्यांवर आली तेव्हा मी संगणकावर बसलो आणि तीन पानं टाइप केली. काही राखून ठेवलं नाही. तो शब्द परत घेतला. तिला कळवलं, "लेखी पाठवतोय." तिनं लगेच एक लिंक पाठवली आणि म्हणाली, "इथं टाका. वाचून ईदच्या सुट्टीचं ठरवते."

मी न्हावा शेवा बंदरावर, कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे एकतीस वर्षं कागदपत्रं सांभाळली. आमच्याकडे सही-शिक्क्याशिवाय कागदाला किंमत नसते. तेव्हा पत्राची प्रिंट काढली, तिन्ही पानांवर सही केली, शेवटच्या पानावर माझा जुना रबरी शिक्काही मारला. हसा खुशाल. मुलीला मारे अधिकृत माफी द्यायची होती. मग पानं स्कॅन केली, पीडीएफ झाली, लिंकवर चढवली. हिरवी खूण आली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. "फाईल उघडली. कोरी आहे. कळलं मला."

काय कळलं? मी फाईल उघडली. तीन पानं, अक्षर न् अक्षर समोर. पुन्हा चढवली. पुन्हा हिरवी खूण. उत्तर आलं, "अब्बा, पुरे झाली चेष्टा." तिसऱ्यांदा पाठवली तेव्हा उत्तरच आलं नाही. फोन केला, उचलला नाही. मला इतका संताप आला की रात्रीचं जेवलो नाही. पोरीला यायचंच नाही, म्हणून कोरं-कोरं करतेय, असंच मनात आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून जुन्या ऑफिसला गेलो. माझ्या टेबलावर आता स्नेहल बसते. उरणकडच्या गावची, तोंडाने फटकळ, कामात चोख.

"स्नेहल, चढवलेली फाईल समोर कोरी कशी दिसते गं?"

"लिंक द्या, काका. आपल्याकडची नाय बघायची, चढवलेली परत उतरवून बघायची. तीच समोरच्याला मिळते." तिनं फाईल उतरवून घेतली. "साइज बघा. शून्य केबी असती तर अपलोड फुकट गेला समजायचं. ही चार एमबी हाय. म्हंजे आत माल हाय."

"वाचू नको हां. घरचं आहे."

"नाय वाचत." तिनं मान खरंच खिडकीकडे वळवली आणि मला म्हणाली, "आता पहिल्या ओळीवरून माउस ओढा. शब्द निळे होतात का?"

नाही झाले. मी तीनदा ओढला.

"आता शोधा. ‘आणि’ टाका. ‘आणि’ नसलेलं पत्र कुठं असतं?"

मी ‘आणि’ टाइप केलं. शोधाच्या चौकटीत आलं, शून्य सापडले. पडद्यावर पहिल्याच ओळीत दोन ‘आणि’ मला दिसत होते.

"सही-शिक्का मारून स्कॅन केलीत ना?" ती म्हणाली. "मग हा पानांचा फोटो हाय, काका. यात अक्षर नाय एकपन. आपल्या त्या एका पार्टीची सिस्टम अशीच बिलं परत फेकते, तिला फोटोत काय वाचता येत नाय. टाइप केलेल्या मूळ फाईलवरून सरळ पीडीएफ सेव्ह करा. मग पुन्हा ‘आणि’ शोधा, एक ओळ उचलून मेसेजमध्ये चिकटवून बघा, मराठी नीट आली तर पाठवा."

"पण ही सिस्टम नाही, माणूस आहे," मी चिडून म्हणालो. "माणसाला फोटो दिसतो की!"

"माणसाला दिसतो. पन जे फोनकडून वाचून घेतात, त्यांचा फोन अशा पानावर गप बसतो. त्यांना ती कोरीच."

"अगं, तिला कमी दिसतं. फोनकडून कशाला वाचून घेईल?"

"कमी दिसत असेल तर मोठं करून वाचेल की. कोरी कशाला म्हनंल?" स्नेहल बोलून गेली, आणि माझ्याकडे बघून थांबली. मग उठून तिनं माझ्यासाठी पाणी आणलं. मी ग्लास तसाच टेबलावर ठेवून निघालो.

घरी येऊन मी मूळ पत्रावरून पीडीएफ केली. या वेळी सही नाही, शिक्का नाही. ‘आणि’ शोधलं, एकोणीस सापडले. एक ओळ चिकटवून पाहिली. तरी भरवसा वाटेना, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वाचून दाखवणारा आवाज सुरू केला आणि सोफ्यावर बसून स्वतःची माफी ऐकली. एक अनोळखी बाई सपाट सुरात म्हणत होती, मी तुला आंधळी म्हणालो, मला माफ कर. घरात दुसरं कुणीच नव्हतं. मी लहान पोरासारखा रडलो. मग फाईल पाठवली.

अर्ध्या तासानं तिचा फोन आला.

"ऐकलं, अब्बा," ती म्हणाली.

"कधीपासून काहीच दिसत नाही, बाळा?"

"गणपतीपासून. आठ महिने झाले. काम करते, स्वयंपाक करते, ऑफिसला एकटी जाते. तुमाला सांगितलं असतं तर तुमी पुन्हा तोच शब्द बोलला असता."

"ईदला येतेस ना?"

"या ईदला नाय जमनार. फाईल कोरी आली, म्हणून सुट्टी कालच दुसऱ्या मुलीला देऊन टाकली. पुढच्या महिन्यात बघते."

मी बरं म्हणालो.

"अब्बा, एक विचारू? दर शुक्रवारी तुमचं काहीतरी येतं. भांडण झालं तरी एकही शुक्रवार चुकला नाय. आधी रागानं उघडलंच नाय, आता फोन नुसतं ‘फोटो’ म्हणतो आणि गप्प होतो. काय असतं त्यात?"

दर जुम्म्याला मी तिला फोनवर शुभेच्छांचं एक चित्र पाठवायचो. स्वतः लिहायचं धाडस नव्हतं, म्हणून शोधून शोधून तयार चित्रं पाठवायचो.

"गुलाब असतात," मी म्हणालो. "आणि खाली लिहिलेलं असतं, खुश रहो बेटी."

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर."