मॅनेजरने दिलेला मान

मुलाचा, मुस्तकीमचा फोन लागत नव्हता, म्हणून नबीभाईंनी मांजरसुंब्याच्या गॅरेजातून कोरियातल्या त्याच्या मॅनेजरला लावला. भावाबरोबर कोरियन शिकलेली त्यांची मुलगी शाईस्ता अर्थ सांगायला बसली.

एरवी मॅनेजर हाताखालच्या पोराबद्दल साधंच बोलायचा: "इल्हेयो", काम करतो. मानाच्या किंवा वारलेल्या माणसाबद्दल बोलताना तिकडे क्रियापदातच 'शि' घालतात. मुस्तकीमला तो मान कधी मिळाला नव्हता.

आज मॅनेजर हळूच म्हणाला, "इल्हाश्योस्सोयो." काम करत होते. भूतकाळात 'शि'चा 'श्यो' झाला होता.

शाईस्ताने उठून अब्बांच्या मागे स्टूल सरकवलं.

"काय म्हनतोय?" नबीभाई हसले. "साहेब केलं का काय आपल्या पोराला?"

"लई आदरानं बोलतोय, अब्बा," ती म्हणाली. "तुमी आधी खाली बसा."